चिकटवायला मनाई : पासवर्डच्या चौकटीतील एक उलटणारी खबरदारी

इंटरनेटवरील काही संकेतस्थळांवर एक विचित्र अनुभव येतो. नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक या चौकटींत दुसरीकडून उचललेला मजकूर सहज चिकटवता येतो. पासवर्डच्या चौकटीत मात्र ‘पेस्ट’ची आज्ञा दिली तरी काहीच घडत नाही. चौकट रिकामीच राहते. कधीकधी खाली लाल अक्षरांत सूचना झळकते, की सुरक्षिततेसाठी पासवर्ड हातानेच टाइप करावा.

सूचना वाचून आपल्याला वाटते, तज्ज्ञांनी विचार करूनच हा नियम घातला असणार. प्रत्यक्षात या विषयातील तज्ज्ञ संस्था गेली कित्येक वर्षे याच्या नेमके उलट सांगत आहेत. ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राने २०१७ च्या जानेवारीत संकेतस्थळांना उद्देशून सांगितले, की लोकांना पासवर्ड पेस्ट करू द्या. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके आणि तंत्रज्ञान संस्थेने आपल्या नियमावलीत पेस्टची मुभा असावी अशी शिफारस केली. मग ही मनाई आली कोठून, ती नेमके काय अडवते आणि काय अडवत नाही, हे क्रमाने पाहू या.

मनाई घडते कशी?

संकेतस्थळाचे पान आपल्या पडद्यावर दिसते तेव्हा ते आपल्याच संगणकावरील ब्राउझर चालवत असतो. दूरच्या संगणकाकडून, म्हणजे सर्व्हरकडून, फक्त पानाचा मजकूर आणि काही सूचना येतात. चौकटीत काही चिकटवले जाऊ लागले की ब्राउझर त्या पानाला तशी वर्दी देतो. या वर्दीला `paste` असेच नाव आहे. पानाने ‘ही क्रिया रद्द कर’ असे उत्तर दिले, की ब्राउझर ती मुकाट्याने सोडून देतो. एवढीच ही यंत्रणा.

हा प्रयोग वर्गात पाच मिनिटांत करता येतो. पुढील तीन ओळी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहा, फाइलला `paste.html` असे नाव द्या आणि ती ब्राउझरमध्ये उघडा. इंटरनेटची गरज नाही.

```html
<meta charset="utf-8">
<p>पहिली: <input type="password"></p>
<p>दुसरी: <input type="password" onpaste="return false"></p>
```

कोठूनही एखादा शब्द उचलून दोन्ही चौकटींत चिकटवून पाहा. पहिल्या चौकटीत ठिपके उमटतील, दुसरीत काहीच उमटणार नाही. आता फाइलमधील `onpaste="return false"` एवढा भाग पुसा, फाइल जतन करा आणि पान पुन्हा उघडा. मनाई नाहीशी झालेली दिसेल.

या प्रयोगातील खरा धडा शेवटच्या पायरीत आहे. मनाई अमलात आणणारा नियम भेट देणाऱ्याच्या संगणकावर चालतो. म्हणून तो मोडणे त्याच्याच हाती असते. पहारेकरी वाड्याच्या दाराशी उभा करण्याऐवजी येणाऱ्या पाहुण्याच्या घरी नेऊन बसवावा, तसा हा प्रकार आहे. प्रामाणिक पाहुणा अडतो, चोराला तो पहारेकरी भेटतही नाही.

चोर चौकटीतून येत नाही

मनाईच्या समर्थनार्थ दिले जाणारे सर्वांत प्रसिद्ध कारण २०१४ च्या मे महिन्यातील आहे. ब्रिटिश गॅस या ब्रिटनमधील ऊर्जापुरवठा कंपनीच्या संकेतस्थळावर पासवर्ड पेस्ट करता येत नव्हता. ग्राहकांनी ट्विटरवर कारण विचारले. तेव्हा कंपनीच्या मदतकक्षाने उत्तर दिले, की पेस्टची परवानगी दिली तर आमचे सुरक्षा प्रमाणपत्र जाईल, आणि एकामागून एक पासवर्ड लावून पाहणाऱ्या हल्ल्याला आम्ही उघडे पडू. या उत्तरावर त्या वेळी बरीच चर्चा झाली. आजही अशीच कारणे सांगितली जातात, म्हणून ती तपासून पाहणे योग्य ठरेल.

प्रमाणपत्राचे कारण लगेच निकालात निघते. संकेतस्थळाचे प्रमाणपत्र ‘हे पान खरोखर याच नावाच्या स्थळाकडून येत आहे’ एवढीच ग्वाही देते. पानावरील चौकटी कशा वागतात याच्याशी त्याचा संबंध नाही.

दुसऱ्या कारणात सकृद्दर्शनी तथ्य वाटते. हजारो पासवर्ड लावून पाहणाऱ्याला पेस्टचा उपयोग होणार नाही का? पण असा हल्ला करणारा माणूस पानासमोर बसून चौकटी भरत नाही. चौकटी भरून आपण बटण दाबतो तेव्हा ब्राउझर सर्व्हरकडे एक छोटा संदेश पाठवतो. त्यात खात्याचे नाव आणि पासवर्ड असतो. तोच संदेश कोणताही प्रोग्राम ब्राउझरशिवाय थेट पाठवू शकतो. एका ओळीत तो असा दिसतो:

```
curl -d "user=asha&pass=abcd1234" https://example.com/login
```

येथे पान नाही, चौकट नाही आणि म्हणून पेस्टची वर्दीही नाही. प्रोग्रामने `pass=` च्या पुढे दर वेळी नवा शब्द घातला की झाले. हा हल्ला थोपवायचा तर तो सर्व्हरवरच थोपवावा लागतो. एका खात्यावर लागोपाठ किती चुकीचे प्रयत्न झाले ते मोजायचे, काही प्रयत्नांनंतर वाट पाहायला लावायचे, किंवा पासवर्डच्या जोडीला दुसरा पुरावा मागायचा. हे उपाय केले असतील तर पेस्टच्या मनाईची गरज उरत नाही, आणि केले नसतील तर मनाईने काही वाचत नाही.

पासवर्ड व्यवस्थापकाची वाट अडते कोठे?

आता मनाईचा खरा परिणाम कोणावर होतो ते पाहू. त्यासाठी पासवर्ड व्यवस्थापक हे साधन थोडे समजून घ्यावे लागेल. ही एक कुलूपबंद वही आहे असे समजा. प्रत्येक संकेतस्थळासाठी ती स्वतः एक लांबलचक, निरर्थक पासवर्ड तयार करते आणि लक्षात ठेवते. आपण फक्त वहीचे कुलूप उघडणारा एकच मुख्य पासवर्ड पाठ करायचा.

वहीतील पासवर्ड पानावरील चौकटीत पोचण्याच्या साधारण तीन वाटा आहेत. पहिलीत व्यवस्थापक पानावरील चौकट ओळखतो आणि स्वतःच भरतो. दुसरीत आपण वही उघडतो, पासवर्ड कॉपी करतो आणि चौकटीत पेस्ट करतो. तिसऱ्या वाटेने व्यवस्थापक जणू कळफलकावरील कळा एकामागून एक दाबल्याचे सोंग घेतो. कीपास या विनामूल्य व्यवस्थापकात ही सोय आहे.

पेस्टची मनाई दुसरी वाट थेट बंद करते. पहिली वाट पुष्कळदा चालू राहते, कारण व्यवस्थापक चौकटीत मजकूर ठेवतो तेव्हा पेस्टची वर्दी जातेच असे नाही. म्हणून काही जण म्हणतात, की मनाईने व्यवस्थापक कोठे बंद पडतो? पण पहिली वाट नेहमी लागू पडत नाही. चौकट वेगळ्या पद्धतीने बांधलेली असली तर व्यवस्थापकाला ती ओळखता येत नाही. काही पाने चौकटीत अक्षरे आहेत की नाहीत हे न पाहता कळा दाबल्या गेल्या का हेच मोजतात. तेथे भरलेला पासवर्ड दिसत असूनही ‘पासवर्ड रिकामा आहे’ असे उत्तर मिळते. कधी वही मोबाइलवर असते आणि पान शाळेच्या संगणकावर. अशा वेळी कॉपी आणि पेस्ट हीच राखीव वाट असते, आणि मनाई नेमकी तीच तोडते.

येथे आणखी एक गमतीची विसंगती दिसते. तिसऱ्या वाटेने आलेल्या कळा खऱ्या बोटांच्या की प्रोग्रामच्या, हे पानाला सहसा कळत नाही. म्हणजे ज्याला युक्ती ठाऊक आहे तो आत जातो. अडतो तो साधा माणूस.

टाइप करताना किती चुका होतात?

वाट तुटली की माणूस वहीकडे पाहून पासवर्ड टाइप करू लागतो. समजा, व्यवस्थापकाने हा १६ चिन्हांचा पासवर्ड दिला आहे:

```
t7Q#vlI0mR2&zO9k
```

एक एक चिन्ह वाचायचे, कळ शोधायची, मोठ्या अक्षरासाठी शिफ्ट धरायची, मोबाइल असेल तर अक्षरांच्या पाटीवरून अंकांच्या आणि तेथून चिन्हांच्या पाटीवर ये-जा करायची. आणि पडद्यावर काय उमटते? ठिपके. साध्या मजकुरात चुकलेले अक्षर डोळ्यांना दिसते आणि आपण ते लगेच सुधारतो. येथे तो मार्गच बंद असतो.

समजा, दर १०० चिन्हांत सरासरी २ चिन्हे चुकतात. म्हणजे एक चिन्ह बरोबर येण्याची संभाव्यता ०.९८. सोळाच्या सोळा बरोबर येण्याची संभाव्यता काढायला ०.९८ ला १६ वेळा गुणायचे. उत्तर येते सुमारे ०.७२. म्हणजे १०० प्रयत्नांपैकी २८ फसतील. नवे खाते उघडताना तोच पासवर्ड दोनदा लिहावा लागतो. एकूण ३२ चिन्हे निर्दोष येण्याची संभाव्यता सुमारे ०.५२ आहे. जवळजवळ निम्मे प्रयत्न वाया जातील. याउलट ८ चिन्हांच्या पासवर्डाला एकदा लिहिताना ०.८५ संभाव्यता मिळते. लांबी वाढली की चुकीची शक्यता अशी वाढत जाते.

तीन चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते बंद होत असेल, तर लागोपाठ तीनदा चुकण्याची संभाव्यता ०.२८ चा घन, म्हणजे सुमारे ०.०२. पन्नास जणांपैकी एकाचे खाते, पासवर्ड हाताशी असूनही, बंद पडेल.

हे गणित एक गोष्ट गृहीत धरते, की प्रत्येक चूक स्वतंत्र आहे. प्रत्यक्षात ती नेहमी तशी नसते. वरच्या पासवर्डातील पाचवे, सहावे, सातवे आणि आठवे चिन्ह पाहा. इंग्रजी लहान व्ही, त्यानंतर लहान एल, मग मोठा आय, आणि शेवटी शून्य. तेराव्या ठिकाणी लहान झेड आणि चौदाव्या ठिकाणी मोठा ओ आहे. अनेक अक्षरवळणांत लहान एल आणि मोठा आय, तसेच शून्य आणि ओ, ओळखू येत नाहीत. ज्याने शून्याला ओ वाचले तो पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रयत्नातही ओच वाचतो. ही बोटांची नव्हे, वाचनाची चूक आहे, आणि पुन्हा प्रयत्न करून ती सुधारत नाही.

वर धरलेला २ टक्के हा आकडा केवळ उदाहरणासाठी आहे. तो विद्यार्थ्यांकडूनच मोजून घेता येईल. आधी बनवलेल्या पानातील दुसऱ्या चौकटीत प्रत्येकाने फळ्यावरील १६ चिन्हे टाइप करावीत. नंतर `type="password"` च्या जागी `type="text"` असे लिहून तीच कृती पुन्हा करावी, म्हणजे अक्षरे दिसू लागतील. पहिल्या फेरीतील चुका मोजण्यासाठी टाइप करून झाल्यावर ब्राउझरमध्ये ‘पासवर्ड दाखवा’ ही सोय असल्यास ती वापरावी, किंवा शेजाऱ्याने बोटांकडे पाहून नोंद ठेवावी. दोन्ही फेऱ्यांतील चुकांचे प्रमाण ताडून पाहिले की ठिपक्यांची किंमत कळते.

खरा तोटा : पासवर्ड छोटा होतो

दोन-तीनदा हात पोळले की माणूस काय करतो? तो लांब पासवर्ड टाकून देतो आणि सहज टाइप होणारा, पाठ असलेला, बहुधा दुसरीकडे आधीच वापरलेला पासवर्ड ठेवतो. सुरक्षिततेच्या नावाने घातलेला नियम येथे उलटतो.

किती उलटतो तेही मोजू. केवळ इंग्रजी लहान लिपीतील ८ अक्षरांचे पासवर्ड २६ चा आठवा घात, म्हणजे सुमारे २०,८८३ कोटी होतात. एखाद्या संकेतस्थळावरून पासवर्डांच्या सांकेतिक ठशांची फाइल चोरीला गेली, ठसे जलद पद्धतीने बनवलेले होते आणि चोराचे यंत्र सेकंदाला १००० कोटी अंदाज तपासते असे धरू. ८ अक्षरांचे सगळे पासवर्ड तो २१ सेकंदांत तपासून संपवेल. कळफलकावरील ९४ चिन्हांतून यदृच्छेने निवडलेल्या १६ चिन्हांसाठी हीच संख्या ३७ वर ३० शून्ये इतकी होते. तेवढे तपासायला त्याच यंत्राला १ वर १४ शून्ये इतकी वर्षे लागतील. शिवाय एकच पासवर्ड अनेक ठिकाणी वापरला असेल तर एका ठिकाणची चोरी सर्वत्र भोवते. पहिल्या संकेतस्थळावरून मिळालेली नाव-पासवर्डची जोडी इतर संकेतस्थळांवर लावून पाहणे हा आज नेहमीचा हल्ला आहे.

मनाईच्या बाजूने काही आहे का?

दोन मुद्दे प्रामाणिकपणे तपासायला हवेत. पहिला असा, की कॉपी केलेला मजकूर संगणकाच्या स्मरणात एका तात्पुरत्या फळीवर, म्हणजे क्लिपबोर्डवर, राहतो आणि दुसरे प्रोग्राम तो वाचू शकतात. हा धोका खरा आहे. इंटरनेट एक्सप्लोररच्या जुन्या आवृत्तींत तर उघडलेले संकेतस्थळही फळी वाचू शकत असे. पुढे ब्राउझरांनी हे बंद केले. मोबाइलवर अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, मागे चालू असलेल्या ॲपना फळी वाचता येत नाही. अनेक व्यवस्थापक थोड्या वेळाने फळी आपोआप पुसतात. पण मुख्य गोष्ट क्रमाची आहे. धोका कॉपी करताना उत्पन्न होतो आणि मनाई पेस्टच्या वेळी येते. पेस्ट नाकारले जाते तेव्हा पासवर्ड फळीवर आधीच येऊन पडलेला असतो, आणि गोंधळलेला माणूस पुन्हा पुन्हा कॉपी करून तो तेथे अधिक काळ ठेवतो.

दुसरा मुद्दा खातरजमेच्या चौकटीचा. बँकेत पैसे पाठवताना समोरच्याचा खातेक्रमांक दोनदा लिहायला लावतात आणि दुसऱ्या चौकटीत पेस्ट करू देत नाहीत. त्याला अर्थ आहे. पहिल्या चौकटीत चुकलेला आकडा उचलून दुसरीत चिकटवला तर चूक जुळेल आणि पैसे भलत्याच खात्यात जातील. पासवर्डाच्या बाबतीत हा तर्क लागू होत नाही, कारण ठिपक्यांच्या चौकटीतून मजकूर कॉपी करायला ब्राउझर मुळातच परवानगी देत नाहीत. शिवाय वहीतून दोन्हीकडे चिकटवलेला पासवर्ड वहीत जसाच्या तसा असतो, आणि उद्या तोच पुन्हा चिकटवला जाणार असतो.

पेस्टलाही स्वतःच्या चुका आहेत, हे मात्र मान्य केले पाहिजे. कधी मजकुराच्या शेवटी रिकामी जागा चिकटून येते. कधी चौकट ठरावीक संख्येपेक्षा जास्त चिन्हे न सांगताच कापून टाकते. म्हणून पेस्ट फसले तर ठिपक्यांकडे पाहावे. एकही ठिपका नसेल तर मनाई आहे. ठिपके कमी असतील तर काटछाट झाली आहे. एक जास्त असेल तर शेवटची रिकामी जागा आली आहे. काटछाट करणाऱ्या स्थळाने ‘पासवर्ड फार लांब आहे’ असे स्पष्ट सांगायला हवे, आणि रिकामी जागा सर्व्हरला सहज वगळता येते.

मनाई असेल तेथे काय करावे?

संकेतस्थळ बदलणे आपल्या हाती नसते. अशा ठिकाणी प्रथम व्यवस्थापकाला चौकट भरू द्यावी. पेस्ट अडले म्हणजे ती वाटही बंद असेलच असे नाही. तेही जमले नाही तर व्यवस्थापकाकडून चिन्हांऐवजी शब्दांचा पासवर्ड मागावा. ७७७६ शब्दांच्या यादीतून फाशांप्रमाणे यदृच्छेने काढलेले ५ शब्द घेतले तर शक्यतांची संख्या २८ वर १८ शून्ये इतकी, म्हणजे वरच्या ८ अक्षरांच्या संख्येच्या कितीतरी पट होते. चिन्हे जास्त असली तरी ओळखीचे शब्द बोटांतून सरळ उतरतात, आणि एल-आय, ओ-शून्य यांचा घोळ राहत नाही. शब्द मात्र यादीतूनच निघायला हवेत. स्वतःच्या मनाने निवडलेल्या शब्दांना हे गणित लागू नाही.

शाळा किंवा संस्था स्वतःचे संकेतस्थळ बनवून घेत असेल, तर बनवणाऱ्याला तीन गोष्टी सांगाव्यात. पेस्ट अडवू नये, पासवर्ड दाखवण्याचे बटण द्यावे, आणि चुकीचे प्रयत्न सर्व्हरवर मोजावेत. अमेरिकेच्या संस्थेने २०२५ च्या सुधारित नियमावलीत पासवर्ड व्यवस्थापक आणि आपोआप भरण्याची सोय चालू देणे अनिवार्य केले आहे, आणि पेस्टची शिफारस कायम ठेवली आहे. सर्वांना वापरता येतील अशा संकेतस्थळांसाठी २०२३ च्या ऑक्टोबरात आलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांतही असाच आग्रह आहे, की आत येण्यासाठी कोणालाही पासवर्ड पाठ करण्याची किंवा अक्षरे उतरवून काढण्याची सक्ती असू नये. ज्यांना अक्षरांचा क्रम लक्षात ठेवणे अवघड जाते, ज्यांचा हात थरथरतो, ज्यांची दृष्टी अधू आहे, त्यांच्यासाठी पेस्ट ही आत येण्याची एकमेव वाट असू शकते.